वॉर्डातली ओव्हर लिहिताना या चुका टाळा

आमच्या सर्जिकल वॉर्डात एका दुपारी दोन वाजता लिहिलेली ही ओव्हर आहे. बेडनंबर तेवढा बदललाय.

«बेड १४. हर्निया, पोस्ट-ऑप डे वन. जीसी फेअर, व्हायटल्स स्टेबल. कॅथेटर रिमूव्ह केला. ऑर्डरप्रमाणे औषधे दिली. नो फ्रेश कम्प्लेंट्स.»

यात खोटं काहीच नाही. लिहिणारी सिस्टर कामाला चोख आहे आणि अक्षरही सुरेख. तरी त्या रात्री एक वाजता याच पेशंटला पुन्हा कॅथेटर घालावा लागला आणि बॅगेत अकराशे मिली लघवी आली. मधल्या अकरा तासांत त्याला दोन सिस्टरांनी पाहिलं, आणि दोघींनीही ओव्हर वाचली होती.

पेशंट चौसष्ट वर्षांचा. आदल्या दिवशी स्पायनल देऊन उजव्या बाजूच्या हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, जाळी बसवलेली. सकाळी राउंडला कॅथेटर काढायची ऑर्डर आली आणि साडेअकराला तो काढला. कॅथेटर काढल्यावर साधारण सहा तासांत पेशंटने लघवी करायला हवी, म्हणजे साडेपाचपर्यंत. हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं. पण ओव्हरमध्ये कॅथेटर काढल्याची वेळच नव्हती, तर संध्याकाळची सिस्टर मोजणार कुठून? तिने वाचलं ते एक उरकलेलं काम. खरं तर ते काम तिथून सुरू होत होतं.

पहिली चूक: झालेलं लिहिणं आणि त्याच्यापुढचं सोडून देणं

आपल्या ओव्हरमधली बहुतेक क्रियापदं भूतकाळी असतात. दिलं, काढलं, पाठवलं, कळवलं. सही करून मोकळं व्हायला ती सोयीची. पण समोरच्या सिस्टरला आपण काय केलं यापेक्षा आता तिने काय पाहायचं हे हवं असतं. रक्त तपासायला पाठवलं, तर रिपोर्ट कधी येणार, तो आणायचा कोणी आणि दाखवायचा कोणाला? ड्रेन काढला, तर ती जागा पुन्हा कधी बघायची?

मी नवीन मुलींना एकच सांगते. बाकी कामाच्या ओळीत तीन गोष्टी हव्यात: काय व्हायला हवं, किती वाजेपर्यंत, आणि नाही झालं तर कोणाला फोन. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त गळते. ती नसली की रात्रीची सिस्टर «अजून थोडी वाट बघू» म्हणते, आणि रात्री वाट बघण्यात दोन तास सहज जातात.

दुसरी चूक: आकड्याच्या जागी शब्द

चौदा नंबरच्या चार्टवर संध्याकाळी सहा आणि आठ वाजता «युरिन पास्ड» असं लिहिलेलं होतं. नंतर विचारलं तेव्हा कळलं की पेशंट दोन्ही वेळा बाथरूममध्ये जाऊन आला आणि «झाली थोडी» म्हणाला. किती, ते कोणी मोजलं नव्हतं. मूत्राशय तुडुंब भरलं की लघवी चाळीस-पन्नास मिली अशी ओघळत बाहेर येते. पेशंटला वाटतं झाली, आपल्यालाही वाटतं झाली, आणि आत साठा वाढतच राहतो. म्हणून कॅथेटर काढलेल्या पेशंटला भांडं द्यायचं, मोजायचं आणि मिली लिहायचे. दर खेपेला शंभरच्या आत आणि खेपा वारंवार, असं दिसलं तर ती लघवी झाली असं धरायचं नाही. ओटीपोटावर हात ठेवून बघायचं. बेंबीखाली गोल, घट्ट फुगवटा लागतो, दाबलं की पेशंट कळवळतो.

नऊ वाजता तो अस्वस्थ झाला, पोटात दुखतंय म्हणाला. बीपी १६०/९६, पल्स १०८. ऑपरेशनचं दुखणं समजून फोनवर ऑर्डर घेऊन ट्रॅमाडॉल दिलं गेलं. या जातीच्या औषधांनी लघवी आणखी अडते, तेव्हा तीन तास आणखी बिघडले. डॉक्टरांना फोनवर «पोस्ट-ऑप पेशंट, दुखतंय» एवढंच कळलं. साडेअकरापासून मोजून लघवी झालेली नाही हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी पोट तपासायला सांगितलं असतं. पण ते सांगणारीलाच माहीत नव्हतं.

«व्हायटल्स स्टेबल» हाही असाच शब्द. दुसऱ्या एका पेशंटचे, पोटाच्या ऑपरेशननंतरचे, आकडे बघा. दुपारी दोनला बीपी १२८/८०, पल्स ८४. पाचला ११६/७४ आणि ९६. साडेसातला १०६/७०, पल्स १०८, श्वास मिनिटाला २२, आणि ड्रेनमध्ये दोनपासून २८० मिली लालभडक. शेवटचे आकडे नुसते पाहिले तर «बीपी ठीक आहे» म्हणून कोणी पुढे जाईल. एका ओळीत तिन्ही वेळा मांडले की बीपी उतरतंय आणि पल्स चढतेय हे लगेच दिसतं, आणि आतून रक्त जात असेल ही शंका तिथेच यायला हवी. अशा वेळी ओव्हर लिहीत बसायचंही नाही, आधी डॉक्टरांना बोलवायचं. म्हणून ज्या पेशंटचे आकडे हलतायत त्याचे निदान दोन वेळचे आकडे ओव्हरमध्ये लिहा. जो खरंच जागच्या जागी आहे त्याला एक वेळचे पुरतात.

तिसरी चूक: धोक्याचा शिक्का

एनएबीएचच्या तपासणीच्या तयारीत बहुतेक हॉस्पिटलांनी ओव्हरचे छापील फॉर्म केले. त्यात «धोका» असा रकाना आला आणि त्यात प्रत्येक साठीच्या वरच्या पेशंटला «फॉल रिस्क» लागायला लागलं. वॉर्डात तीसपैकी वीस जणांना तोच शिक्का असेल तर रात्रीची सिस्टर कोणाकडे जास्त लक्ष देणार? धोका लिहायचा तर कारणासकट आणि उपायासकट. «संध्याकाळी लॅसिक्स दिलंय, रात्री दोन-तीनदा उठेल, चक्कर येते, नातेवाईक थांबलेला नाही, भांडं बेडजवळ ठेवलंय.» हे वाचल्यावर मावशींनाही सांगता येतं की त्या बेडकडे एक चक्कर जास्त मारा.

चौदा नंबरचा खरा धोका फॉर्मवर कुठेच नव्हता. त्याला प्रोस्टेटचा त्रास होता आणि घरी रोज रात्री टॅम्सुलोसिनची गोळी चालू होती. ॲडमिशनच्या वेळी गोळ्यांची पिशवी मुलाच्या हातात होती, ती त्याच्याबरोबर घरी गेली आणि गोळी आपल्या चार्टवर चढलीच नाही. वय, प्रोस्टेट, स्पायनल आणि बंद पडलेली गोळी: लघवी अडण्याची कारणं एका जागी गोळा झाली होती. पेशंटच्या बायकोला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. घरच्या औषधांबद्दल नातेवाइकांना एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर ओव्हरमध्ये यायलाच हवं.

हीच ओव्हर कशी लिहिता आली असती

«बेड १४, पुरुष, ६४. उजवा हर्निया, जाळी, स्पायनल, काल सकाळी. दु. १.४५: शुद्धीत, बीपी १३४/८०, पल्स ८२, श्वसन १६, दुखणं १० पैकी ३, ड्रेसिंग कोरडं. कॅथेटर ११.३० ला काढला, तेव्हापासून लघवी नाही.
बाकी: ५.३० पर्यंत लघवी व्हावी, भांड्यात मोजावी. न झाल्यास किंवा थोडी थोडी झाल्यास ओटीपोट तपासून ऑन-कॉल सर्जनना कळवणे.
धोका: लघवी अडण्याचा. प्रोस्टेट आहे, घरची टॅम्सुलोसिन दोन दिवस मिळालेली नाही. १२ वा. डॉक्टरांना सांगितलं, रात्री ९ ची ऑर्डर चार्टवर आहे, गोळी मागवली आहे.»

लिहायला दोन मिनिटं लागतात. तीस पेशंट आणि दोन सिस्टर असताना सगळ्यांचं असं लिहिणं होणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून आधी यादीवरून बोट फिरवून लाल पेनाने चार-पाच बेडना खूण करायची: आज ऑपरेशन झालेले, नळी घातलेले किंवा काढलेले, आकडे हललेले, आणि रिपोर्ट यायचा बाकी असलेले. त्यांचं असं सविस्तर. उरलेल्यांना एक ओळ बस झाली.

एसबीएआर नावाचा साचा ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मुळात तो अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आला. परिस्थिती, पार्श्वभूमी, तपासणी, शिफारस. साचा चांगला आहे, पण आपल्याकडे पहिले तीन रकाने भरतात आणि शिफारशीत «कंटिन्यू सेम» पडतं. शेवटचा रकाना आधी भरायची सवय लावून बघा.

बाकीच्या छोट्या चुका

एक वाजताच ओव्हर लिहून ठेवायची आणि दोनला द्यायची, हे आपण सगळ्या करतो. मधल्या तासात काही घडलं तर ते तोंडी सांगायचं म्हणून राहतं आणि मग राहूनच जातं. लवकर लिहायला हरकत नाही, पण कितीला लिहिलं ती वेळ टाका आणि खाली दोन ओळी मोकळ्या ठेवा. आठचं इंजेक्शन साडेसातला «दिलं» असं मात्र कधीच लिहू नका. ते राहिलं तर चुकतं, आणि कोणी पुन्हा दिलं तर त्याहून चुकतं.

ओव्हर नर्सिंग स्टेशनवर बसून संपवू नका. लाल खुणेच्या बेडपाशी दोघींनी मिळून जायचं. सलाईनचा वेग, सुईची जागा, ड्रेनची बाटली, युरोबॅग यांवर दोघींचे डोळे एकदम पडले की लिहिलेलं आणि दिसणारं यातला फरक तिथेच सापडतो. एचआयव्ही वगैरे गोष्टी मात्र बेडपाशी, शेजाऱ्यांच्या कानावर जातील अशा बोलायच्या नाहीत. त्या स्टेशनवरच सांगायच्या.

आणि घेणारीने नुसतं «हो हो» म्हणू नये. «म्हणजे चौदा नंबरला साडेपाचपर्यंत लघवी, नाही तर सर्जनना फोन,» असं उलट बोलून दाखवावं. हे मला पहिल्यांदा अवघडल्यासारखं वाटलं होतं, सीनिअर सिस्टरसमोर तर फारच. पण उलट बोलतानाच तिला आठवतं, «अगं, आणि त्याची गोळी आलीय का बघ.»

ओव्हर कुठे अपुरी पडते हे ओळखायचं असेल तर घरी गेल्यावर तुम्हाला वॉर्डातून कशासाठी फोन येतात ते आठवा. आमच्याकडे रजिस्टरच्या मागच्या पानावर आम्ही ते प्रश्न लिहायला लागलो. «दुखण्याचं शेवटचं इंजेक्शन कितीला दिलं?» हा प्रश्न इतक्यांदा यायचा की शेवटी ओव्हरमध्ये त्याच्यासाठी एक ओळच आखून घेतली.