रिकाम्या खुर्चीसमोर ‘माफ करून टाका’ म्हणायची घाई करू नका

मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ पर्ल्स यांनी गेस्टाल्ट थेरपी या मानसोपचाराच्या पद्धतीत रुळवलेली रिकामी खुर्ची दिसायला सोपी वाटते. म्हणून दोन दिवसांची कार्यशाळा केलेलं कुणीही ती वापरायला घेतं. समोर खुर्ची ठेवायची, गेलेलं किंवा दुरावलेलं माणूस तिथे बसलंय असं समजायचं आणि तेव्हा गिळलेलं आता त्यालाच बोलून दाखवायचं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे गाऱ्हाणं ऐकलं की लगेच माफीकडे वळणं. यवतमाळकडच्या एका गावात कर्जापायी नवऱ्यानं जीव दिलेली एक बाई आमच्याकडे आली होती. आमच्या शिकाऊ मुलीनं खुर्ची मांडली. बाई बोलली, पण मुलीकडे पाहून: “ते असेच होते जी, काही सांगत नव्हते.” दहाव्या मिनिटाला मुलगी म्हणाली, “त्यांना माफ करा, मोकळ्या व्हा.” बाई “हो जी, केलं” म्हणाली आणि पुढचे दोन आठवडे आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः बसलो. आधी विचारलं, ते कुठले कपडे घालून बसलेत, हात कुठे आहेत? ती बराच वेळ खुर्चीकडे पाहत राहिली. मग मी एवढंच म्हणालो, “मला नका सांगू, त्यांना सांगा.” तेव्हा आवाज बदलला: “मले काऊन नाही सांगतलं तुमी? बँकेचा कागद तुमच्या मागं पाह्यला मी!” गाऱ्हाण्याच्या पोटात राग आणि दुःख एकमेकांत गुंतलेले असतात, ते सुटे व्हावे लागतात. राग निघाला, मग रडू आलं आणि शेवटी तिची खरी गरज बाहेर आली: “मले संग घ्याले पायजे होतं.”

त्यानंतरच मी तिला त्या खुर्चीवर बसवलं. नवरा होऊन ती म्हणाली, “तुले सांगाले लाज वाटे.” हे उत्तर मी सुचवलं असतं तर कवडीमोल ठरलं असतं. आपल्या खुर्चीवर परतल्यावर ती म्हणाली, “चुकलेच तुमी.” माफीचा शब्द तिनं काढला नाही आणि त्यात अपुरं काही नव्हतं. समोरच्याला जबाबदार धरूनही मनातला हिशेब मिटू शकतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. मारहाण किंवा अत्याचार करणाऱ्याच्या खुर्चीवर पीडितेला बसवू नका. वास्तवाचं भान सुटलेल्या किंवा जीव देण्याचे विचार चालू असलेल्या माणसासोबत हे मुळीच करू नका. गावात “मेलेल्याले बलावता काय?” असं विचारतात, आधीच सांगा की खुर्चीत कुणी येत नाही, आठवणीतल्या माणसाशी बोलायचंय. खुर्चीवर अवघडणाऱ्यांसाठी मी सतरंजीवर पाट मांडतो.

आणि एसटीच्या वेळेकडे पाहून सत्र गुंडाळू नका. मी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवतो, रिकामी खुर्ची उचलून भिंतीशी ठेवतो आणि चहा होईपर्यंत बाईजवळ बसतो.