वेग खिडकीबाहेर, फोन घरात: ५जीचा बँड कसा ओळखला

शिकागोत आमच्या घरासमोरच्या खांबावर ५जीचा अँटेना आहे. खाली फूटपाथवर १५०० एमबीपीएसच्या वर वेग मिळायचा, घरात जेमतेम ३००. स्क्रीनवरचं ५जीचं चिन्ह मात्र दोन्हीकडे तेच.

आयफोनवर `*3001#12345#*` डायल केलं की फील्ड टेस्ट उघडतं. त्यात ५जीचा बँड, म्हणजे फोन कोणत्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यावर आहे ते पाहायचं. आकडा २५७ किंवा त्यापुढचा असेल तर मिलिमीटर वेव्ह, म्हणजे खूप उच्च फ्रिक्वेन्सीचं ५जी. घरात ७७ होता, म्हणजे सब-सिक्स, ६ गिगाहर्ट्झच्या खालचा बँड. फूटपाथवर २६१, म्हणजे २८ गिगाहर्ट्झ. बघताना मोठं डाउनलोड चालू ठेवा. फोन नुसता पडून असेल तर तो बहुधा मिलिमीटर वेव्हला जोडलेलाच नसतो आणि आपली दिशाभूल होते.

अडथळा होता खिडकीच्या काचेचा. उष्णता अडवणाऱ्या काचेवरचा धातूचा पातळ थर २८ गिगाहर्ट्झ जवळजवळ पूर्ण अडवतो. ७७ कमकुवत होतो, पण आत येतो. खिडकी उघडून फोन खांबाच्या बाजूला कट्ट्यावर ठेवला, हॉटस्पॉट लावला. बँड २६१ झाला, वेग हजारावर गेला. मध्ये हात आला तरी वेग घसरतो, म्हणून फोन आता स्टँडवरच असतो. थंडीत खिडकी उघडता येत नाही. तेव्हा ७७वर भागवतो, आणि व्हिडिओ कॉलला तो भरपूर पुरतो.