सभागृहाच्या नोंदींमधील तारखांची टक्कर कशी ओळखावी

नव्या नोंदीची सुरुवात किंवा शेवट जुन्या नोंदीच्या आत पडतो का, एवढेच बहुतेक जण तपासतात आणि तिथेच चूक होते. 12 तारखेची एक दिवसाची नोंद आधीच असताना कोणी 10 ते 14 मागितली, तर नवी दोन्ही टोके जुनीच्या बाहेर राहतात, तरीही सभागृह 12 तारखेला दोघांना दिले जाते. म्हणून कसोटी अशी ठेवावी: पहिलीची सुरुवात दुसरीच्या शेवटानंतर नसेल आणि पहिलीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीआधी नसेल, तर त्या एकमेकींवर येतात.

स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात सभागृह, B मध्ये सुरुवात आणि C मध्ये शेवट असेल, तर दुसऱ्या ओळीत हे सूत्र लिहून खाली ओढावे:

```
=COUNTIFS($A$2:$A$200,A2,$B$2:$B$200,"<="&C2,$C$2:$C$200,">="&B2)
```

प्रत्येक नोंद स्वतःलाही मोजते, त्यामुळे 1 म्हणजे सर्व ठीक आणि 2 किंवा अधिक म्हणजे टक्कर. भरलेल्या ओळीत 0 आला तर मात्र निश्चिंत होऊ नये. माझ्या मते हीच खूण सर्वांत मोलाची आहे, कारण तिथे तारीख मजकूर म्हणून टंकलेली असते किंवा शेवट सुरुवातीच्या आधीचा पडलेला असतो.

तारखेसोबत वेळही नोंदवत असाल आणि एकाने दुपारी 2 वाजता सोडलेले सभागृह दुसऱ्याला त्याच क्षणी देता येत असेल, तर `<=` आणि `>=` ऐवजी `<` आणि `>` वापरावे.