एका प्रसंगात एकच मन

कथेतल्या एका प्रसंगात सुमन या बहिणीला भाऊ विश्राम सांगतो, फोंड्याचं कुळागर विकायचं ठरलंय. मसुदा असा:

‘सुमनला धक्का बसला. ही आता रडणार, असं विश्रामला वाटलं. त्याने अपराधीपणे नजर वळवली.’

तीन वाक्यांत आपण दोन मनांत शिरलो, आणि वाचकाला कुणाचंच दुःख पुरतं लागलं नाही. आधी ठरवा, प्रसंग कुणाचा. बातमी जिच्यावर कोसळते ती सुमन, म्हणून इथे तीच योग्य. मग कागदावर ‘वाटलं, आठवलं, कळलं’ अशी क्रियापदं आणि ‘त्याला राग आला’सारखी ‘ला’ची वाक्यं अधोरेखित करा. प्रत्येकापुढे लिहा, हे कुणाचं मन? विश्रामची असतील ती वाक्यं सुमनला दिसेल-ऐकू येईल अशा गोष्टीत बदला:

‘सुमनच्या हातातला अडकित्ता थांबला. विश्राम बाहेरच्या पोफळींकडे बघत राहिला. “रडू नको गे,” तो म्हणाला. ती रडत नव्हती.’

त्याचा अंदाज आता संवादात आला. ‘अपराधीपणे’ मात्र काढलं, कारण दुसऱ्याच्या मनातल्या गोष्टींची गळती बहुतेक अशाच क्रियाविशेषणांतून होते: ‘मुद्दाम’, ‘नाइलाजाने’. सुमनचा तर्क म्हणून ते ठेवता येतं, पण प्रत्येक ओळीत ‘बहुधा’ आला तर प्रसंग लुळा पडतो. उलट गळतीही तपासा: ‘सुमनचा चेहरा पांढरा पडला’ हे विश्रामला दिसतं, तिला नाही.

विश्रामचं मन हवंच असेल तर एक ओळ मोकळी सोडून नवा प्रसंग सुरू करा आणि पहिल्याच वाक्यात त्याचं नाव घ्या.