कन्सोल कुरिअरने पाठवताय? पॅकिंगमधल्या या चुका टाळा

कुरिअरने आलेला गेमिंग कन्सोल फुटलेला निघतो, तेव्हा बाहेरचं खोकं पुष्कळदा अगदी धडधाकट असतं. कोपरा चेपलेला नाही, टेप उखडलेली नाही. तरी आत एचडीएमआय पोर्ट वाकलेला असतो किंवा वरच्या पॅनलचा खटका तुटलेला असतो. असं झालं की बहुतेक लोक कुरिअरवाल्याला दोष देतात. पण खोकं शाबूत आणि माल तुटलेला, याचा अर्थ बहुधा कन्सोलला आत हलायला जागा होती.

कन्सोल दिसतो त्यापेक्षा जड असतो. प्लेस्टेशन ५ चं डिस्कवालं पहिलं मॉडेल साधारण साडेचार किलोचं, एक्सबॉक्स सिरीज एक्सही जवळपास तेवढाच. त्यातलं बरंचसं वजन उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या हीटसिंकमध्ये आणि पॉवर सप्लायमध्ये असतं. सॉर्टिंगच्या पट्ट्यावरून किंवा गाडीतून खोकं कमरेइतक्या उंचीवरून पडणं ही रोजची गोष्ट आहे. अशा वेळी आत दोन बोटांची मोकळी जागा असेल, तर खोकं जमिनीवर थांबतं आणि कन्सोल पुढे जात राहतो. तो स्वतःच्या वजनानिशी खोक्याच्या भिंतीवर आदळतो. त्यामुळे पॅकिंगने दोन कामं करायला हवीत: कन्सोल जागचा हलू न देणं आणि आपटल्यावर थोडं दबून झटका पोटात घेणं.

पहिली चूक: कंपनीचं खोकं तसंच पाठवणं

कन्सोल ज्या छापील खोक्यात मिळाला, तेच सगळ्यात सुरक्षित, असं वाटणं साहजिक आहे. त्यातले पुठ्ठ्याचे साचे खरोखर चांगले असतात, कारण ते त्याच मॉडेलच्या आकाराचे असतात. पण दुकानापर्यंत अशी अनेक खोकी एकत्र रचून येतात. ते खोकं एकटंच पट्ट्यावर पडलं, तर पातळ भिंत आणि कन्सोल यांच्यात दबायला पुरेशी जागा नसते. शिवाय आत काय आहे ते चित्रासकट बाहेर छापलेलं असतं, म्हणजे चोरीला आमंत्रण.

ते खोकं जरूर वापरा, पण दुसऱ्या साध्या खोक्याच्या आत ठेवून, सगळ्या बाजूंनी ५ सेंटिमीटर भराव देऊन. आतले साचे हरवले असतील तर मात्र त्याचा मोह सोडा. साच्यांशिवाय त्या खोक्यात कन्सोल खुळखुळतो.

दुसरी चूक: वजन वाचवायला खोकं लहान घेणं

ही चूक समजून उमजून केली जाते, म्हणून ती आकड्यांत पाहू. तेच पहिलं प्लेस्टेशन ५ घ्या आणि स्टँड काढून ते आडवं ठेवा. लांबी ३९, रुंदी २६, जाडी साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास. प्रत्येक बाजूला ५ सेंटिमीटरहून थोडा जास्त भराव धरला, तर आतून ५० × ३७ × २१ सेंटिमीटरचं खोकं लागतं. या वजनासाठी ते पाच प्लायचं, म्हणजे कागदाच्या पाच थरांच्या पुठ्ठ्याचं घ्या. तीन प्लायच्या खोक्यावर दुसरं जड पार्सल ठेवलं की ते चेपतं.

अनेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांपैकी जे जास्त, त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन काढायला लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. आपल्या खोक्याचं ते आतल्या मापानेच ७.७७ किलो येतं, म्हणजे निदान ८ किलोचे पैसे. प्रत्यक्षात पार्सल सहा किलोच्या आतबाहेर असेल. हा फरक दिसला की लोक दोन्हीकडचा फोम कमी करून लहान खोकं घेतात, आणि नेमकी दबायची जागाच निघून जाते.

आकार वाचवायचाच असेल तर वस्तू कमी करा. दुरुस्तीला पाठवताना कंट्रोलर, केबल, स्टँड बहुतेक वेळा लागतच नाहीत. दुकानदाराला विचारून ते घरीच ठेवा. विकताना ते द्यावेच लागतात. मग प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळून पुठ्ठ्याच्या पडद्याआड बसवा, नाहीतर चार्जरचा कोपराच कन्सोलवर ओरखडे काढतो.

तिसरी चूक: मऊ दिसेल ते भरणं

चुरगळलेला कागद खोकं भरताना घट्ट वाटतो, पण प्रवासात दबत जातो आणि परत फुगत नाही. थर्माकोलचे सुटे दाणे त्याहून वाईट. हादऱ्यांनी ते बाजूला सरकतात आणि जड कन्सोल हळूहळू तळाला जाऊन बसतो. शिवाय ते हवेच्या जाळीतून आत शिरतात.

कन्सोल आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला, म्हणजे तुकडे आत जाणार नाहीत आणि टेप अंगाला चिकटणार नाही. त्यावर बबल रॅपचे दोन वेढे द्या. ते ताणून आवळू नका. बुडबुडे आधीच चेपले तर ते झटका काय घेणार? उरलेली जागा पॅकिंगच्या पांढऱ्या फोम शीटचे तुकडे थरावर थर लावून भरा. तळ आधी, मग चारही कडा, शेवटी वरचा थर. कोपऱ्यांकडे जास्त लक्ष द्या, कारण खोकं सपाट क्वचितच पडतं.

झाकण लावताना फोम किंचित दाबावा लागला पाहिजे, पण खोकं फुगता कामा नये. टेप मधल्या सांध्यावर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर लावा, वर आणि खालीही. मग खोकं दोन्ही हातांत धरून सगळ्या दिशांनी हलवा. आत काहीही सरकल्याचं जाणवलं, तर टेप कापा आणि पुन्हा भरा. ‘नाजूक’ असं स्टिकर लावायला हरकत नाही, पण पट्ट्यावर ते कोणी वाचत नाही.

बांधण्याआधी

सगळ्या केबल काढा. एचडीएमआय केबल लावलेलीच राहिली, तर तिच्यावरचा दाब थेट मदरबोर्डवरच्या पोर्टवर येतो. डिस्क बाहेर काढा. मशीन बंद पडल्याने ती निघत नसेल तर जोर लावू नका, तसं चिठ्ठीवर लिहा. निन्टेंडो स्विचसारखा हातातला कन्सोल स्लीपमध्ये न ठेवता पूर्ण बंद करा, त्याच्या दोन्ही बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर, म्हणजे जॉय-कॉन, काढून वेगळे गुंडाळा. अशा कन्सोलमध्ये आणि बऱ्याच कंट्रोलरमध्ये लिथियम बॅटरी असते, हे कुरिअरला आधी सांगा. न सांगता दिलेलं पार्सल वाटेत अडकू शकतं. सीरियल नंबर, चारही बाजू, पोर्ट आणि चालू स्क्रीन यांचे फोटो काढून ठेवा. खोक्यात भराव कसा लावला त्याचाही एक घ्या.

घेणाऱ्याने काय पाहावं

टेप कापण्याआधीपासून व्हिडिओ चालू ठेवा. कन्सोल हळूच तिरपा करा. खडखड ऐकू आली तर सुटलेला स्क्रू किंवा प्लास्टिकचा तुकडा आत असू शकतो, अशा वेळी वीज लावू नका. टॉर्चने एचडीएमआय पोर्टमध्ये पाहा. मधली जीभ सरळ आणि पिना एका ओळीत हव्यात. लाइट लागतो, पंखा फिरतो, पण चित्र येत नाही, तर संशय सर्वांत आधी इथेच घ्यावा. थंड गाडीतून आलेलं मशीन उबदार खोलीत लगेच चालू करू नका. आत दव धरलेलं असू शकतं, काही तास तसंच राहू द्या.

काही बिघडलेलं आढळलं तर खोकं आणि भराव फेकू नका. भरपाईसाठी तपासणी होते तेव्हा ते मागितले जातात, आणि खोक्यात भराव किती होता यावरच दावा अनेकदा टिकतो किंवा फेटाळला जातो.