ॲप स्टोरमधली सर्च जाहिरात: बोली किती लावायची आणि कोणत्या शब्दावर

ॲप तयार आहे, स्टोरवर चढलंय, ॲपलच्या जाहिरात खात्यात कार्ड जोडलंय, हे गृहीत धरतो. उदाहरण सोलापुरातलं घेऊ: टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांसाठी बिल आणि उधारीचं ॲप, वर्षाची वर्गणी 600 रुपये. ॲपलच्या छोट्या विकसकांसाठीच्या योजनेत 15 टक्के कमिशन जातं, म्हणजे एका ग्राहकामागे हाती 510 रुपये. जीएसटी सोपेपणासाठी बाजूला ठेवू. पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत, पद्धत मात्र हीच वापरा.

1. शब्दांची पहिली यादी. "solapuri chadar" हा शब्द यादीत टाकू नका. चादर घ्यायची असलेला माणूस ॲप स्टोरमध्ये चादर शोधत नाही. तिथे लोक ॲपचं नाव टाकतात, नाहीतर ॲपकडून हवं असलेलं काम टाकतात. म्हणून "gst bill", "bill book", "udhari", "khata", "invoice" असे वीस-पंचवीस शब्द पुरेत. मराठी शब्द लोक रोमन लिपीत मनाला येईल तसे लिहितात, म्हणून "hishob", "hisab", "udhar", "udhari" हे वेगवेगळे टाका. इंग्रजी शब्दांची अनेकवचनं आणि नेहमीच्या चुका Exact, म्हणजे नेमका तोच शब्द जुळवणाऱ्या प्रकारात बहुतेक सांभाळल्या जातात, आपल्या शब्दांच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नका.

2. दोन मोहिमा. एकीत निवडलेले शब्द Exact प्रकारात आणि Search Match, म्हणजे ॲपलनेच शोध जुळवून देण्याची सोय, बंद. दुसरी शोधमोहीम: तेच शब्द Broad, म्हणजे जवळपासचे शोधही पकडणाऱ्या प्रकारात, Search Match चालू, रोजचं बजेट पहिलीच्या पाव हिश्शाइतकं. पहिल्या मोहिमेतला प्रत्येक शब्द दुसरीत Exact नकारात्मक शब्द म्हणून, म्हणजे ज्यावर ही मोहीम जाहिरात दाखवणार नाही असा शब्द म्हणून, टाकायलाच हवा. तो टाकला नाही तर एकच शोध कधी इकडे, कधी तिकडे मोजला जातो आणि कोणत्याही शब्दाचा आकडा विश्वासाचा राहत नाही. वय आणि लिंगाचे रकाने रिकामे ठेवा, कारण ते भरले की वैयक्तिक जाहिराती बंद केलेले सगळे फोन वगळले जातात.

3. शोधमोहिमेची साफसफाई. आठवड्यातून एकदा Search Terms उघडा, तिथे लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं ते दिसतं. कामाचा शब्द पहिल्या मोहिमेत हलवा आणि इथे नकारात्मक करा. "electricity bill" सारखा भलताच शब्द दिसला तर तोही नकारात्मक, पण Exact प्रकारातच. घाईत "bill" हा Broad नकारात्मक टाकलात तर "gst bill" सुद्धा मरतो.

4. बोली. म्हणजे जाहिरातीवरच्या एका टॅपला तुम्ही जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहात. बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. "एका इन्स्टॉलचा खर्च कमीत कमी ठेवा" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. ॲपल पैसे घेतं टॅपचे, इन्स्टॉलचे नाही, आणि तुम्हाला पैसे देतो तो वर्गणी भरणारा. हिशोब या दोन टोकांमध्ये करायचा, मधल्या इन्स्टॉलवर थांबायचं नाही.

दोन शब्द घेऊ. "invoice" वर टॅप 6 रुपयांना मिळतो आणि 100 टॅपमधून 40 इन्स्टॉल होतात, म्हणजे इन्स्टॉल 15 रुपयांना. "gst bill book" वर टॅप 12 रुपयांना आणि 100 टॅपमधून 60 इन्स्टॉल, म्हणजे इन्स्टॉल 20 रुपयांना. फक्त इन्स्टॉलचा खर्च बघणारा दुसरा शब्द बंद करेल. आता पुढे बघा. "invoice" वरून आलेल्या 100 जणांत वर्गणी भरतो एक, कारण त्यांतल्या बहुतेकांना एकदाच एक पावती बनवायची असते. "gst bill book" वरून आलेल्या 100 जणांत भरतात आठ. म्हणजे पहिल्या शब्दावर एक ग्राहक पडतो 1,500 रुपयांना आणि दुसऱ्यावर 250 रुपयांना, आणि हाती येतात 510. स्वस्त दिसणारा शब्द दर ग्राहकामागे जवळजवळ हजार रुपये खातोय.

म्हणून बोलीची मर्यादा प्रत्येक शब्दासाठी वेगळी काढा:

```
ग्राहकामागे हाती येणारे रुपये × इन्स्टॉलपैकी भरणारे × टॅपपैकी इन्स्टॉल
gst bill book: 510 × 0.08 × 0.60 = 24.48
invoice:       510 × 0.01 × 0.40 = 2.04
```

24 रुपयांवर ना नफा ना तोटा. निम्मा नफा हवा असेल तर बोली 12 वर ठेवा. "invoice" ला 2 रुपयांत टॅप मिळत नसेल तर तो शब्द सोडा, त्यावर जीव अडकवू नका. आणि ॲपच शब्दाशी जुळत नसेल तर बोली दुप्पट करूनही जाहिरात दिसणार नाही.

यासाठी भरणारा ग्राहक कोणत्या शब्दावरून आला ते कळायला हवं. ॲपलच्या जाहिरात-पडद्यावर ते दिसत नाही. ॲप बनवणाऱ्याला ॲपमध्ये ॲपलचं AdServices जोडायला सांगा, इन्स्टॉल कोणत्या जाहिरातीतून आलं ते त्यातून कळतं. त्यातून keywordId, म्हणजे शब्दाचा क्रमांक मिळतो, तो पहिल्याच वेळी सर्व्हरवर साठवायचा आणि वर्गणी आली की तिच्याशी जुळवायचा. हे झाल्याशिवाय मोठं बजेट लावूच नये.

दुसरी चूक घाईची. 100 मध्ये पाच जण भरतात अशा ॲपच्या पहिल्या 20 इन्स्टॉलमध्ये एकही भरणारा न निघण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शाहून जास्त असते. तेवढ्यावर शब्द बंद करणं म्हणजे चांगला शब्द मारणं. 60 इन्स्टॉल होऊनही कोणीच भरलं नाही, तर मात्र तसं निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता पाच टक्क्यांवर येते, तेव्हा खुशाल बंद करा. सात दिवस फुकट वापर देत असाल तर मोजणी त्या सात दिवसांनंतरच सुरू करा.

5. स्क्रीनशॉट. सूत्रातला शेवटचा आकडा तुमच्या हातात आहे. जाहिरातीत सहसा उभे पहिले तीनच स्क्रीनशॉट दिसतात, तेही अंगठ्याच्या नखाएवढे, आणि अनेकजण ॲपचं पान न उघडता तिथूनच ॲप घेतात. त्यामुळे स्वागताचा पडदा, लोगो, लॉगिन यांना पहिल्या तिनांत जागा नाही. पहिल्यावर भरलेलं बिल हवं: टॉवेल डझनात, एचएसएन 6302, सीजीएसटी-एसजीएसटी वेगळे. दुसऱ्यावर कलबुर्गीच्या गिऱ्हाइकाचं बिल, ज्यात आयजीएसटी आपोआप लागलाय. सोलापूरच्या व्यापाऱ्याला रोज लागणारी गोष्ट हीच. तिसऱ्यावर उधारीची यादी. वर चार-पाच शब्दांचा मथळा, मोठ्या अक्षरात, बस.

"udhari" शोधणाऱ्याला मात्र उधारीची यादी पहिली दिसायला हवी. त्यासाठी वेगळं कस्टम प्रॉडक्ट पेज, म्हणजे वेगळ्या स्क्रीनशॉटचं ॲपचं दुसरं पान करा आणि उधारीचे शब्द मोहिमेतल्या वेगळ्या गटात, म्हणजे ॲड ग्रुपमध्ये घेऊन त्या गटाला ते पान जोडा. त्यासाठी ॲपची नवी आवृत्ती लागत नाही, फक्त पानाला ॲपलची मंजुरी लागते. "gst bill book" वर 45 टक्क्यांचे 60 झाले तर बोलीची मर्यादा 18 वरून 24 वर जाते. म्हणून आधी चित्रं सुधारा, मग बोली वाढवा.

6. अँड्रॉइड. गूगलच्या ॲप मोहिमेत शब्द निवडता येत नाहीत. मजकूर, चित्रं, बजेट आणि इन्स्टॉलची लक्ष्य किंमत द्यायची, बाकी यंत्रणा ठरवते आणि जाहिरात प्ले स्टोरबाहेर यूट्यूबवरही नेते. आयफोनवर पैसे भरणारे ग्राहक देणारे शब्द प्ले स्टोरच्या 30 अक्षरी नावात आणि 80 अक्षरी छोट्या वर्णनात घाला. शक्य असेल तिथे मोहिमेचं लक्ष्य इन्स्टॉलऐवजी वर्गणी ठेवा. तेवढ्या वर्गण्या अजून येत नसतील तर "पहिलं बिल बनवलं" हे लक्ष्य ठेवा, कारण निव्वळ इन्स्टॉल मागितले तर यंत्रणा सर्वांत स्वस्त इन्स्टॉल आणून देते, आणि ते "invoice" वाल्यांसारखेच निघतात.