भाडेकरू घर सोडताना वीज-पाण्याची थकबाकी: माझा अनुभव

भाडेकरू म्हणायचे, "बिल आलं की भरतो." पण शेवटचं बिल येतं ते घर रिकामं झाल्यावर. फोनवर आठवण करून झाली, डिपॉझिटमधून अंदाजे रक्कम कापूनही पाहिली. दर वेळी वाद. वैताग आला होता.

या वेळी घर ताब्यात घेतानाच्या पाहणीच्या आठवडाभर आधी भाडेकरूंना लेखी मेसेज केला: "आधीची बिलं भरून पावत्या पाठवा. शनिवारी मीटर दोघं मिळून पाहू, हिशेब चुकता झाला की रविवारी पाहणी."

शनिवारी मीटर क्रमांकासह रीडिंगचा फोटो काढला: ४३९४. मागच्या बिलावर चालू रीडिंग ४३१०, म्हणजे ८४ युनिट. ते बिल १२० युनिटचं, म्हणून त्याच्या ७० टक्के रक्कम घेतली. मात्र 'मागील थकबाकी' वगळून, नाहीतर तीच रक्कम दुसऱ्यांदा मोजली जाते. पाण्याला मीटर नव्हता, तिथे महिन्याचा आकार दिवसांवर वाटला.

वाढत्या टप्प्यांच्या दरामुळे हा आकडा थोडा चुकतो. म्हणून खरं बिल आल्यावर फरक देण्या-घेण्याचं हिशेबाच्या मेसेजमध्ये लिहून घेतलं. त्यांनी तिथेच पैसे पाठवले. पाहणीत फक्त भिंती आणि नळ पाहायचे उरले.